शून्याखालची रेषा

वसतिगृहात पुस्तक एकच. म्हणून सरांनी मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रावरूनच आम्ही तो वेग-काल आलेख वाचला. चित्र तिरपे आले होते, तेव्हा पट्टीने न मोजता अक्षांवरील आकडेच घेतले: आरंभी वेग सेकंदाला 8 मीटर, चौथ्या सेकंदाला शून्य, सहाव्याला उणे 4. सरळ रेषेचा चढ, म्हणजेच त्वरण, सर्वत्र उणे 2 मीटर प्रति सेकंद वर्ग. कालअक्षाच्या वरच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ 16, खालच्याचे 4. दोहोंची बेरीज करून आम्ही विस्थापन 20 मीटर लिहिले. ते तर कापलेले अंतर होते. विस्थापन 12 मीटरच. शब्दांत मात्र आम्ही अधिक चुकलो. रेषा उतरते, म्हणून ‘वस्तू शेवटपर्यंत मंदावली’ असे लिहून बसलो. वस्तुतः ती चौथ्या सेकंदाला क्षणमात्र थांबली आणि मागे वळून, वेग वाढवीत परत निघाली.