खांबावरची काडी

रावेर तालुक्यातल्या एका बागेच्या बांधावर मी अण्णांपुढे आलेखाचा कागद धरला. त्यावर दोन खांब होते: नेहमीची खतमात्रा, रास २४ किलो, बदललेली मात्रा, रास २७ किलो. रास म्हणजे आमच्या केळीवाल्यांच्या बोलीत घडांचं सरासरी वजन. दोन्ही खांबांच्या टोकाला एक उभी काडी, म्हणजे एरर बार, वर सुमारे दोन किलो आणि खाली सुमारे दोन किलो. अण्णांनी दुसऱ्या काडीवर बोट ठेवलं. "म्हणजे भाऊ, माझा घड पंचविसाच्या खाली उतरणारच नाही?"

चूक माझी होती. काडी कशाची, हे मी कागदावर लिहिलंच नव्हतं.

हिशेब सोपा करून सांगतो. समजा, दोन्हीकडे १६-१६ घड तोलले आणि घडाघडांतला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ४ किलो निघालं. दुसऱ्या खांबावर त्याची काडी काढली तर ती २३ पासून ३१ पर्यंत जाते, आणि साधारण दोन तृतीयांश घड तिच्यात बसतात. अण्णांना हवी होती ती ही काडी. चाराला १६ च्या वर्गमुळाने भागलं की १ किलो उरतो. ही प्रमाण त्रुटी. ती एकेका घडाबद्दल काही सांगत नाही, फक्त राशीबद्दल बोलते. तिला सुमारे २.१ ने गुणलं की ९५ टक्क्यांचं विश्वासांतर मिळतं: २४.९ ते २९.१. मी काढली होती ती ही काडी.

संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे लंडनमध्ये ज्यांच्याकडे शिकले, त्या नेमन यांनी १९३७ साली या अंतराची नीट मांडणी केली. ९५ टक्के ही ग्वाही पद्धतीची आहे: असे प्रयोग पुन्हा पुन्हा केले, तर शंभरातली सुमारे पंचाण्णव अंतरं खऱ्या राशीला कवेत घेतील.

"पण काड्या एकमेकींत शिरल्यात," अण्णा म्हणाले. "मग फरक कुठला?" पहिली काडी २६.१ पर्यंत चढते, दुसरी २४.९ पासून सुरू होते, हे खरं. पण दोन्ही राशी एकाच वेळी आपापल्या काडीच्या उलट्या टोकांना असण्याची शक्यता फार कमी. म्हणून फरकाचं अंतर वेगळं काढावं लागतं: ३ किलो, अधिक-उणे २.९. शून्य जेमतेम बाहेर राहतं. फरक आहे म्हणता येतं, पण तो पाव किलोचा की पाच किलोचा, हे ठरत नाही.

"शिरपूरच्या मेहुण्याला सांगू का?" त्यांनी जाताना विचारलं. सगळे घड याच एका बागेतले होते. शिरपूरची माती, तिथलं पाणी यांतलं काहीच या काडीत नव्हतं. आणखी शंभर घड इथेच तोलले, तर काडी आखूड होईल. शिरपूरबद्दल मुकीच राहील.

आता आलेखाखाली तीन गोष्टी लिहितो: काडी कशाची, घड किती, बागा किती.