दशलक्षणातली पाळी आणि ती गोळी



भाद्रपद शुद्ध पंचमी जवळ आली की आपल्या घरात धान्य निवडणं, सोवळ्याची भांडी काढणं सुरू होतं. त्याच वेळी घरातल्या बायका मनातल्या मनात तारखाही मोजत असतात. पाळी या दहा दिवसांत येणार की नाही? आली तर अभिषेक पाहायचा नाही, चौक्यात पाऊल टाकायचं नाही. यावर मेडिकलमधून आणलेल्या गोळीचा तोडगा आपण कधी काढला, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. ती चूक माझ्या हातूनही झाली, म्हणून आज लिहिते आहे.

काही वर्षांपूर्वी सूनबाई पहिल्यांदाच दहा दिवस एकासन करणार होती. तारीख मधेच येत होती. मीच गोळ्या आणून तिच्या हातात ठेवल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, आणि तिलाही नाही. तिला अर्धशिशीचा त्रास होता, तो चौथ्या दिवशी इतका वाढला की अंधाऱ्या खोलीत पडून राहिली. डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "गोळी कोणी सांगितली?" सूनबाई गप्प राहिली. मी म्हणाले, "मीच."

त्यांनी समजावलं ते असं. या गोळीत बहुधा नॉरएथिस्टेरॉन नावाचं हार्मोन असतं. अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करून ती दिवसातून तीनदा घ्यायची असते. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. उशिरा सुरू केली तर मधेच रक्तस्राव होऊ शकतो. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार किंवा अर्धशिशी असेल, तर विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही.

'दिवसातून तीनदा' हे शब्द ऐकून मी चपापले. एकासनात आपण दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवण आणि पाणी घेतो. सूर्यास्तानंतर तर काहीच नाही. मग रात्रीची गोळी कुठे बसते? उपवास असेल तर एकही गोळी बसत नाही. म्हणजे मंदिराचा नियम पाळायला मी तिला व्रताचाच नियम मोडायला लावला होता.

मग प्रश्न आला, नियम आहे तरी किती? आम्हा दिगंबर घरांत लहानपणापासून ऐकलेलं असं: तीन दिवस बाजूला, चौथ्या दिवशी स्नान करून घरातलं काम, पाचव्या दिवसापासून जिनपूजा आणि मुनींना आहारदान. मंदिर, पूजेचं साहित्य, शास्त्र आणि चौका यांना शिवायचं नाही. पण पाळी आली म्हणून उपवास मोडत नाही. मनातला णमोकार थांबत नाही, बारा भावनांचं चिंतन थांबत नाही. कुंथलगिरीला सगळे डोंगरावर गेलेले असताना खाली धर्मशाळेत एकटीनं बसून मी कितीदा मनात जाप केला आहे. तेव्हा वाटायचं, यात्रा वाया गेली. आज तसं वाटत नाही.

बाकीचं घराघरांनी जोडलेलं आहे. वेगळं ताट, जमिनीवर घोंगडी, लोणच्याच्या बरणीवर सावली नको, 'कावळा शिवला' म्हणून शेजारणीसमोर जाहीर करणं. आमच्या नात्यातल्या एका घरात अजून तीन दिवस स्वयंपाक करत नाहीत, आणि सुनांना ती विश्रांती वाटते. दुसऱ्या घरात फक्त मंदिर आणि चौका पाळतात. तिसऱ्या घरातली मुलगी म्हणते, मी काहीच पाळणार नाही. तिघीही दशलक्षणात रात्री जेवत नाहीत.

बोलताना मी आता तीन गोष्टी सांभाळते. 'विटाळ' किंवा 'अपवित्र' म्हणत नाही, 'पाळी' म्हणते. आधी विचारते, "तुला काय पाळायचं आहे?" आणि पुरुषांसमोर किंवा पाहुण्यांसमोर विषय काढत नाही. नात मला म्हणाली, "आजी, शरीर देवानं केलं नाही असं तूच सांगतेस, मग देव रागावेल कसा?" मी म्हणाले, "वीतराग भगवान कोणावरच रागावत नाहीत. हा चौक्याच्या आणि मंदिराच्या शुद्धीचा नियम आहे, तुझी किंमत ठरवणारा नाही." तिचं समाधान झालं नाही. पुढच्या वेळी माताजी आल्या की त्यांनाच विचारू, असं आमचं ठरलं आहे.

त्यानंतरच्या वर्षी सूनबाईची पाळी तिसऱ्या दिवशी आली. तिनं एकासन चालू ठेवलं. चौक्यात मी उभी राहिले, ती आतल्या खोलीत जाप करत बसली. क्षमावाणीला मी तिच्यासमोर हात जोडले, तेव्हा गोळीचं नाव घेऊनच क्षमा मागितली. ती म्हणाली, "आई, तुम्ही मला त्या दिवशी विचारलं असतं, तर मी नाहीच म्हटलं असतं."