बरोबर आणि जवळजवळ बरोबर

मराठीत ‘बरोबर’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. ‘दोन आणि दोन बरोबर चार’ म्हणताना तो ‘समान’ या अर्थी येतो, आणि ‘तुझं उत्तर बरोबर आहे’ म्हणताना ‘चूक नसलेलं’ या अर्थी. प्रोग्रॅम लिहिताना दशांश अपूर्णांक आले, की या दोन अर्थांची फारकत होते. उत्तर बरोबर असतं, पण कॉम्प्युटर म्हणतो की ते बरोबर नाही!

माझी भाची इंजिनीअरिंगला आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ती एका इंजेक्शन पंपाचा नमुना प्रोग्रॅम लिहीत होती. पंप एका वेळी ०.१ मिली औषध सोडणार आणि एकूण १ मिली झालं की थांबणार. हिशोब पहिलीतल्या मुलाला जमेल असा, दहा वेळा सोडायचं. तिने लिहिलं होतं:

```python
dose = 0.0
while dose != 1.0:
    dose = dose + 0.1
```

हा पंप थांबतच नाही. दहाव्या फेरीनंतर `dose` ची किंमत `0.9999999999999999` असते. ती काही १ नव्हे, म्हणून पंप आपला चालूच. खरा पेशंट असता तर? नुसत्या कल्पनेनेही कसंतरी होतं.

असं का होतं? आपण दशमानात १/३ लिहायला गेलो की ०.३३३... संपतच नाही, कुठेतरी हात थांबवावा लागतो. कॉम्प्युटर द्विमानात मोजतो, आणि तिथे १/१० ची तीच गत होते. त्याच्याकडे ५३ अंकांची जागा, तेवढ्यात बसेल तो ०.१ च्या सगळ्यात जवळचा आकडा तो घेतो. तो खऱ्या ०.१ पेक्षा किंचित मोठा असतो. मग बेरीज कमी कशी भरली? कारण प्रत्येक बेरजेनंतर उत्तरही पुन्हा त्याच जागेत कोंबावं लागतं, आणि तेव्हा ते कधी वर सरकतं, कधी खाली.

भाचीचा पहिला उपाय होता, “मामा, मग `!= 1.0` ऐवजी `< 1.0` लिहिते ना. एकच्या पुढे गेला की थांबेलच.” थांबतो खरा. पण दहाव्या फेरीनंतर किंमत एकपेक्षा केसभर कमी असल्यामुळे तो अकरावी फेरी मारतो आणि १.१ मिली औषध देतो, म्हणजे दहा टक्के जास्त! मला विचाराल तर ही चूक पहिलीपेक्षा वाईट. न थांबणारा पंप निदान लक्षात तरी येतो.

उपाय शाळेच्या बीजगणितातच आहे. दोन संख्या समान आहेत का, हे विचारूच नये. त्यांच्यातल्या फरकाचं केवलमूल्य आपण ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे का, हे विचारावं.

```python
while not abs(dose - 1.0) < 0.001:
    dose = dose + 0.1
```

केवलमूल्य अशासाठी, की फरक कुठल्या बाजूला पडेल हे आधी सांगता येत नाही.

“पण ०.००१ च का?” हा तिचा पुढचा प्रश्न, आणि खरी मेख इथेच आहे. मर्यादा कॉम्प्युटरच्या चुकीपेक्षा मोठी हवी. इथे ती चूक सोळाव्या दशांश स्थळी आहे. आणि पंपाच्या एका पायरीपेक्षा, म्हणजे ०.१ पेक्षा, बरीच लहान हवी. ०.१५ ठेवली तर पंप ०.९ वरच थांबेल. या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसायचं ते मात्र औषधाला विचारायचं. १ मिलीच्या बारीक सिरिंजवर ०.०१ च्या खुणा असतात. त्याच्या दहाव्या भागाइतका फरक डोळ्यांना दिसणारही नाही. म्हणून ०.००१.

हाच आकडा सगळीकडे चिकटवला तर पंचाईत होते. शंभर कोटींच्या घरात कॉम्प्युटरला लिहिता येणाऱ्या दोन शेजारच्या संख्यांमध्येच सुमारे ०.००००००१२ चं अंतर असतं. तिथे कोणी `1e-9` ही मर्यादा ठेवली, तर ती असून नसल्यासारखी, कारण पुन्हा तंतोतंत समानतेचीच अट झाली. अशा वेळी मर्यादा संख्येच्या प्रमाणात घ्यावी लागते. पायथनमधलं `math.isclose` तेच करतं. मात्र शून्याशी तुलना करायची असेल, तर त्याला `abs_tol` वेगळी सांगावी लागते. शून्याच्या प्रमाणात काही काढलं तर शून्यच येणार!

आणि जिथे मोजदादच करायची आहे तिथे मर्यादेच्या भानगडीत पडूच नये. पैशाचा हिशोब रुपयांच्या दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावा, तिथे समान म्हणजे समानच. भाचीनेही शेवटी फेऱ्या एक ते दहा अशा मोजल्या, आणि केवलमूल्याची अट सेन्सरकडून येणारं माप तपासायला ठेवली. सेन्सर काही मोजत नाही, मापतो. आणि मापलेली गोष्ट कधीच तंतोतंत नसते, कॉम्प्युटर असो वा नसो.