खिळ्याला टांगलेली पाटी

जून अखेर. सहावीचा वर्ग, ३६ मुलं. "वर्गासाठी नियम सुचवा," म्हणून चिठ्ठ्या वाटल्या. परत काय आलं? "शांत बसावे." "मोठ्यांचा आदर करावा." भिंतीवरचे सुविचारच जणू उतरवून दिलेले. दोष माझ्या प्रश्नाचा होता. बाईंना काय आवडतं हे मुलांना पहिलीपासून पाठ असतं.

*

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला: "वर्गात तुमचं कुठे अडतं?" आता चिठ्ठ्या खऱ्या आल्या. मागच्या बाकावरून फळा दिसत नाही. डब्यातलं न विचारता घेतात. मॉनिटर मित्रांची नावं लिहीत नाही. आणि सगळ्यात जास्त चिठ्ठ्या एकाच गोष्टीवर होत्या: तास चालू असताना पाणी प्यायला पाच-सहा जण एकदम उठतात, मग उरलेल्यांना जाऊ देत नाहीत.

यातून चारच नियम करायचे ठरलं. जास्त केले की फक्त तक्ता रंगतो.

*

नियमापेक्षा शिक्षेत मुलांचा उत्साह जास्त. पाच रुपये दंड, अंगठे धरून उभं राहणं, दिवसभर कोणी बोलायचं नाही. मोठ्यांनी केल्या नसत्या इतक्या कडक शिक्षा मुलं एकमेकांना सुचवतात. इथे मी मतदान घेतलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि ती बहुमताने उठत नाही, हे सरळ सांगितलं. मग विचारलं, "ज्याचं नुकसान झालं त्याला काय परत मिळायला हवं?" यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. डबा खाल्ला तर उद्या आपल्या डब्यातलं द्यायचं, हे एका मुलीला सुचलं.

*

मधल्या सुट्टीतलं क्रिकेट बघा. भिंतीला लागला तर दोन रन, कौलावर गेला तर आऊट, लहान पोरांना एक जीवदान. हे नियम कोणी शिकवले? पियाजेने जिनिव्हातल्या मुलांच्या गोट्यांच्या खेळावरून १९३२ च्या पुस्तकात हेच मांडलं होतं. लहान मुलांना नियम वरून आलेला आणि न बदलणारा वाटतो. दहा-अकरा वर्षांच्या आसपास कळू लागतं की सगळे कबूल झाले तर तो बदलता येतो. म्हणजे सहावीची मुलं नेमकी या वळणावर असतात. पटांगणावर त्यांना हे चांगलं जमतं, पण वर्गात आली की ती बाईंच्या तोंडाकडे बघतात.

*

पाण्याचा नियम असा झाला: एका वेळी एकानेच जायचं. दाराशेजारी खिळ्याला एक जुनी पाटी टांगली. जाणाऱ्याने ती आपल्या बाकावर ठेवायची, वहीत नाव आणि तास लिहायचा, आल्यावर पाटी परत टांगायची. मला विचारायचं नाही. "नीट वागावे" हे पाळलं की नाही यावर वाद होतो. पाटी मात्र खिळ्यावर असते किंवा नसते. मॉनिटरही लागत नाही.

लघवीला जाणंही पाटीतच घाला, असं बहुमत निघालं. दोन मुली खाली मान घालून बसल्या होत्या. सहावी-सातवीत काहींची पाळी सुरू झालेली असते, आणि ते त्या वर्गापुढे सांगणार नाहीत. शरीराची गरज मताला टाकायची नाही, एवढं म्हणून मी तो विषय बाहेर काढला. हे आधीच सांगायला हवं होतं. मत घेतल्यावर ते फिरवलं की मुलांचा विश्वास जातो.

*

चौथ्या दिवशी माझा फोन वाजला आणि मी बोलत बाहेर गेले. परत आले तर पाटी माझ्या टेबलावर. वर्ग हसू दाबत होता. मी वहीत माझं नाव लिहिलं. त्या दिवसापासून "बाईंचा नियम" हा शब्द कमी ऐकू येऊ लागला.

*

दोन आठवड्यांनी वही उघडली. पुन्हा बोलायचं आधीच ठरलं होतं. एका मुलाची तक्रार होती, "तोच तोच जातो, त्याची पाटी बंद करा." मी म्हटलं, आधी मोजू. फळ्यावर तासांची नावं लिहिली आणि मुलांनी वहीतून खुणा केल्या. निम्म्याहून जास्त खुणा गणिताच्या जोड तासाखाली, त्यातही दुसऱ्या अर्ध्यात.

गणित माझंच.

"तहान नसते बाई," तो "तोच तोच" जाणारा म्हणाला, "अपूर्णांक आले की बसवत नाही."

पाटी कोणाची बंद करायची, हा प्रश्न तिथेच मिटला. जोड तासाच्या मध्ये पाच मिनिटं सगळ्यांनी उठायचं, आणि त्यानंतर बाईंनी फळ्यावर लिहीत न बसता गटात सोडवायला द्यायचं, असं ठरलं. पहिला भाग मला लगेच मान्य होता. दुसऱ्यासाठी मी एक आठवडा मागून घेतला. तोही त्यांनी वहीत लिहून ठेवला, तारखेसकट.