जिल्ह्याचा आकडा आणि साठ मुले

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत 707 जिल्ह्यांतील 6,36,699 घरांची माहिती गोळा झाली, म्हणजे सरासरीने एका जिल्ह्याच्या वाट्याला सुमारे 900 घरे आली. ही घरे जिल्ह्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली असती, तर 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या सिंधुदुर्गाला पुण्याच्या अकराव्या हिश्श्याइतकीच घरे मिळाली असती. राज्याचा एकच आकडा हवा असेल तेव्हा अशी वाटणी योग्यच असते. परंतु प्रत्येक जिल्ह्याचा स्वतंत्र अंदाज द्यायचा असेल, तर ती निरुपयोगी ठरते, कारण अंदाजाची अचूकता मुख्यतः नमुन्यात किती जण आले यावर अवलंबून असते, जिल्हा केवढा आहे यावर नव्हे. शितावरून भाताची परीक्षा करताना भांडे लहान असले म्हणून कमी शिते पुरत नाहीत. म्हणून लहान जिल्ह्यालाही मोठ्याच्या बरोबरीने घरे द्यावी लागतात आणि राज्याचा आकडा काढताना लहान जिल्ह्यातील प्रत्येक घराचे वजन, म्हणजे ते घर जितक्या घरांचे प्रतिनिधित्व करते ती संख्या, त्या मानाने कमी धरावी लागते.

तथापि 900 ही संख्या फसवी आहे. पूर्ण लसीकरणाचे प्रमाण 12 ते 23 महिने वयाच्या मुलांवरून काढतात, आणि घरटी 4.3 माणसे व हजारी 16 जन्म असे धरले, तर 900 घरांत या वयाची मुले जेमतेम साठ सापडतात. जिल्ह्याच्या अंदाजाचा छेद 900 नसून 60 आहे. यांपैकी 75 टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झालेले आढळले, तर 95 टक्के विश्वासपातळीवर त्या आकड्याभोवती सुमारे साडेअकरा टक्केबिंदूंची चूक दोन्ही बाजूंना संभवते. म्हणजे खरे प्रमाण 64 असू शकते आणि 86 देखील. दोन जिल्ह्यांची, किंवा एकाच जिल्ह्याच्या दोन फेऱ्यांची, तुलना करताना दोन्हीकडची अनिश्चितता एकत्र येते आणि सोळा टक्केबिंदूंपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. जिल्ह्यांच्या क्रमवारीवरून रंगणाऱ्या बैठकांत ही गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानात असते.

हीच चूक पाच टक्केबिंदूंवर आणायची, तर साठऐवजी सुमारे 317 मुले लागतात आणि ती मिळवण्यासाठी जिल्ह्यात सुमारे 4,750 घरे गाठावी लागतात. महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांसाठी हा हिशेब 1,71,000 घरांवर जातो, जो संपूर्ण देशाच्या नमुन्याच्या चौथ्या भागाहून अधिक आहे.

यावर सहज सुचणारा उपाय असा, की निवडलेल्या गावात केवळ 22 घरे न घेता घरयादी करतानाच लहान मुलांची घरे हेरावीत आणि गावातील या वयाची सर्वच मुले नमुन्यात घ्यावीत. जिल्ह्यातील 41 गावांत प्रत्येकी हजार वस्ती धरली, तर अशी सुमारे 650 मुले मिळतात आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परंतु एका गावातील मुलांना लस देणारी परिचारिका एकच असते, उपकेंद्र एकच असते, लसीकरणाचा चुकलेला दिवसही सर्वांचा एकच असतो. त्यामुळे सोळावे मूल पहिल्या पंधरांपेक्षा फारसे वेगळे काही सांगत नाही. या साम्याचे माप, ज्याला गुच्छांतर्गत सहसंबंध म्हणतात, 0.2 धरले, तर गावात सरासरी दीड मूल असताना नमुन्याची हानी किरकोळ असते, पण सोळा मुले घेतल्यास परिणामकारक नमुना एक-चतुर्थांशावर येतो. मग 650 मुले 160 मुलांइतकीच बोलतात आणि चूक साडेसहा टक्केबिंदूंच्या खाली उतरत नाही. त्याऐवजी गावे वाढवावीत, प्रत्येक गावातील मुले नव्हेत. मात्र गावे वाढवणे म्हणजे प्रवास, मुक्काम आणि घरयादी यांचा खर्च वाढवणे होय, आणि पाहणीच्या अंदाजपत्रकात नेमका तोच भाग सर्वांत जड असतो.

घरे हेरण्यात आणखी एक धोका आहे. पात्र मूल सापडले की लांबलचक प्रश्नावली भरावी लागते, हे ठाऊक असलेला प्रगणक 23 महिन्यांच्या मुलाला सहज 24 महिन्यांचे करतो. मुलांची महिन्यागणिक वये मांडून पाहिली, की वयोमर्यादेच्या आत खड्डा आणि लगेच बाहेर उंचवटा दिसतो, आणि त्यावरून हा प्रकार ओळखता येतो.

जिल्ह्याच्या आत मुली, आदिवासी किंवा शहरी मुले यांचे वेगळे आकडे मागितले, की छेद पुन्हा विभागला जातो. साठांतील मुली तीसच्या आसपास असतात, आणि 25 ते 49 नोंदींवर आधारलेली टक्केवारी ही पाहणी कंसात छापते, तर 25 हून कमी नोंदी असल्यास आकड्याऐवजी फुली टाकते. काही विषयांत तर जिल्हा पातळीचा हट्टच सोडला जातो: पुरुषांची मुलाखत आणि कौटुंबिक हिंसेचे प्रश्न केवळ 15 टक्के घरांत विचारले जातात आणि त्यांचे आकडे राज्यापुरतेच दिले जातात.