१.१४ हा आकडा हिरवा का दिसला?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की वर्ध्यात पहाटेचे रस्ते भरून जातात. सेवाग्रामच्या रस्त्याने, अंधारात, डांबरावर मुलं धावत असतात. ग्राउंडच्या ५० गुणांपैकी २० एकट्या १६०० मीटरला, मग धावणं आलंच. माझी भाची शारीरिक शिक्षण शिकते. अशाच १८ मुलांच्या सरावाची नोंद तिने १२ आठवडे ठेवली आणि त्यावर तिला कॉलेजात सादरीकरण करायचं होतं. "मामू, तुम्ही गणित शिकवता, कोण काय विचारेल ते तुम्हीच विचारून पाहा," म्हणाली. त्या निमित्ताने मला जे प्रश्न पडले ते इथे मांडतो.

तिची पद्धत सोपी आहे. अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनी ती रूढ केली. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचं, आजचं किती जड गेलं? शून्य ते दहा. तो ४ म्हणाला आणि सराव ५० मिनिटं चालला, तर त्या दिवसाचा भार २००. आठवड्याची बेरीज करायची. यात एक खुबी आहे. तेच ५० मिनिटांचं धावणं मे महिन्याच्या उन्हात किंवा रोज्यात इफ्तारच्या आधी केलं तर मुलगा ७ सांगेल, आणि भार ३५० होईल. घड्याळाला जे दिसत नाही ते इथे दिसतं.

पण मुलगा खरं सांगेल का? हा माझा पहिला प्रश्न. प्रशिक्षक समोर उभे असताना, बाकीची पोरं ऐकत असताना, "आठ" म्हणायला कोण तयार होईल? भाचीने नंतर प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायला सुरुवात केली, तेव्हा आकडे वाढले. सराव तोच होता.

दुसरा प्रश्न गुणोत्तराचा. चालू आठवड्याचा भार भागिले गेल्या चार आठवड्यांची सरासरी, चालू आठवडा धरून. ऑस्ट्रेलियाचे टिम गॅबेट यांच्या २०१६ च्या लेखामुळे हे जगभर पोचलं. ०.८ ते १.३ म्हणजे बरं, १.५ च्या वर म्हणजे धोका. भाचीच्या तक्त्यात हिरवा आणि लाल रंग त्यावरूनच भरलेला होता.

त्यातला देवळी तालुक्यातला एक मुलगा घेऊ. तीन आठवडे त्याचा भार १००० होता. जाहिरात आली आणि चौथ्या आठवड्यात त्याने तो थेट २००० केला. सरासरी १२५०, गुणोत्तर १.६. लाल. पण त्याला काही झालं नाही. पाचव्या आठवड्यात पुन्हा २०००, गुणोत्तर १.३३. सहाव्यात पुन्हा २०००, सरासरी आता १७५०, गुणोत्तर १.१४. हिरवं! आणि याच आठवड्यात त्याची नडगी दुखायला लागली.

गणिताची चूक कुठेच नाही. तीन आठवडे दुप्पट धावल्यावर सरासरीच वर चढली, म्हणून भागाकार खाली आला. हाडाचा हिशेब मात्र वेगळा चालतो. दम आणि हृदय लवकर सरावतात. हाड भार वाढल्यावर आधी जुना भाग काढून टाकतं, नवा भरायला त्याला कित्येक आठवडे लागतात. त्या मधल्या काळात ते कच्चं असतं, आणि मुलाला तेव्हाच वाटत असतं की आता आपला दम बसला. म्हणून मी भाचीला विचारलं, दुखणं ज्या आठवड्यात आलं त्याच आठवड्याचं गुणोत्तर का बघतेस? दोन-तीन आठवडे मागे का जात नाहीस?

नडगीच्या आतल्या कडेने लांबवर ठणका असेल तर बहुधा विश्रांतीने भागतं. पण बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्यावरही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसत नाही, आणि "फोटोत काही नाही" म्हणून पोरं पुन्हा धावतात.

या मुलाने तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. परतल्यावर अगदी हलका सराव केला, भार ५००. गुणोत्तर किती? आधीचे तिन्ही आठवडे शून्य, म्हणून सरासरी १२५ आणि गुणोत्तर ४. तक्ता लालभडक. त्याने ५०० ऐवजी ३००० केले असते तरी उत्तर ४ च आलं असतं, करून पाहा. चालू आठवडा वरही आहे आणि खालच्या सरासरीतही आहे, म्हणून हा भागाकार ४ च्या पुढे जाऊच शकत नाही. संख्याशास्त्राच्या लोकांनी या गुणोत्तरावर जे आक्षेप घेतले, त्यातला हा एक मोठा.

भाची वैतागली. "मग काय, सगळं फेकून देऊ?" मी म्हटलं, भाराची बेरीज ठेव, ती कामाची आहे. १००० वरून २००० ची उडी त्या बेरजेत उघड्या डोळ्यांना दिसत होती.

गुणोत्तराचा रकाना तिने काढला नाही, बाजूला सरकवला. त्याच्या जागी नवा घातला: "काल रात्री कुठे दुखलं? बोट ठेवून दाखव."