पेन्शनच्या रकान्यातलं शून्य

पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस जर्मनीत पहिल्यांदाच नोकरीसाठी जाणार असेल, तर तिथलं सरकार आधी त्याच्या म्हातारपणाची चौकशी करतं. म्हातारपणी हा आपल्या खजिन्यावर तर बसणार नाही ना, ही साधी व्यवहारी शंका. त्यासाठी दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते: ठरावीक मर्यादेइतका पगार, नाहीतर उतारवयाची पुरेशी तजवीज. २०२५ साली पगाराची ही मर्यादा वर्षाला ५३,१३० युरो होती. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर असलेल्या गृहस्थांना जर्मनीतून आलेलं पत्र ४८,००० युरोंचं होतं आणि त्यांचं वय सत्तेचाळीस. त्यामुळे पीएफचं पासबुक जर्मनमध्ये करून घ्यायला ते पुण्यात माझ्याकडे आले.

"मॅडम, सगळे आकडेच आहेत. यात भाषांतर करायचं तरी काय?" प्रिंटआउट पुढे सरकवत त्यांनी विचारलं. भाव कमी करून घेण्याची ही जुनी रीत आहे, पण प्रश्न रास्त होता.

पासबुकातली एक ओळ घेऊ. पीएफसाठी धरलेला पगार, म्हणजे बेसिक आणि डीए, २८,०००. त्याशेजारी पेन्शनसाठी धरलेला पगार १५,०००. मग तीन रकाने: कामगाराचा हिस्सा ३,३६०, मालकाचा हिस्सा २,११०, पेन्शन १,२५०. कामगाराच्या पगारातून बारा टक्के कापले जातात, ते ३,३६०. मालकही तेवढेच भरतो, पण त्याच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि तेही फक्त १५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर. म्हणून १,२५०. उरलेले २,११० पीएफमध्ये.

तिन्ही रकाने एका रांगेत, एकाच छापात असतात. त्यामुळे वाचणारा तिन्हींची बेरीज करतो. या गृहस्थांनीही केली होती, पेन्सिलीनं, पानाच्या तळाशी. पण पहिले दोन रकाने म्हणजे त्यांच्या नावावरची शिल्लक. तिच्यावर दरवर्षी व्याज चढतं. २०२४-२५ साठी ८.२५ टक्के होतं. तिसऱ्या रकान्याला व्याज नाही आणि ती त्यांची शिल्लकही नाही. तो पैसा सगळ्यांच्या सामाईक निधीत जातो. त्यातून मिळतो तो सूत्रानं ठरणारा मासिक हक्क, आणि तोही किमान दहा वर्षं नोकरी झाली तर. जर्मन अधिकाऱ्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. तो बेरीज करणार आणि पुढे कुठल्या तरी कागदावर ती जुळली नाही, की फाइल अडकणार.

मूळ कागदात नसलेली बेरीज अनुवादकानं करायची नसते, आणि असलेला आकडा सुधारायचाही नसतो. ४,८६,२१५ हा आकडा जर्मनमध्ये 486.215 असा लिहावा लागतो, तेवढाच बदल. समजावून सांगायचं ते अनुवादकाची टीप म्हणून, खाली, वेगळं. तिसऱ्या रकान्याखाली मी अशी टीप घातली.

खरी अडचण दुसऱ्या पानावर होती. त्यांची पहिली नोकरी जून २००८ ते डिसेंबर २०१६, भोसरीत. दुसरी जानेवारी २०१७ पासून चाकणला. यूएएन एकच, पण कंपनीगणिक मेंबर आयडी वेगळा आणि पासबुकही वेगळं. जुन्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वळवून घेतलेली होती, त्याची एक ओळ नव्या पासबुकात दिसत होती. कामगाराचा हिस्सा आला होता, मालकाचा आला होता. पेन्शनच्या रकान्यात शून्य.

या शून्यावरून एका एजंटानं त्यांना सल्ला देऊन टाकला होता: जुनी पेन्शन बुडाली, नव्या कंपनीत जून २०२५ पर्यंत जेमतेम साडेआठ वर्षं भरतात, म्हणजे दहा काही होत नाहीत, जाताना पेन्शनचे पैसेही काढून मोकळे व्हा. नुसतं पासबुक हातात धरलं तर एजंटाचं बोलणं पटतंच. अधिकाऱ्यालाही पटलं असतं.

पण ते शून्य बरोबर आहे. खातं बदलताना पीएफची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात जाते. पेन्शनचा पैसा आधीपासूनच सामाईक निधीत असतो, त्यामुळे तो हलवावा लागत नाही. पुढे जाते ती नोकरीची मुदत. तिची नोंद 'ॲनेक्शर के' नावाच्या वेगळ्या कागदावर असते. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, बिनपगारी राहिल्यामुळे वर्गणी न भरलेले दिवस, हे सगळं त्यावर. "तो कागद आणल्याशिवाय मी हे भाषांतर हातात देणार नाही," असं मी त्यांना सांगितलं. ते जरा चिडले, पण कागद घेऊन आले. दोन्ही नोकऱ्या मिळून सतरा वर्षं एक महिना. दहा वर्षांची अट कधीच पार झाली होती, आणि ती पार झाल्यावर पेन्शनचे पैसे एकरकमी काढताच येत नाहीत.

मग त्यांनी साहजिक प्रश्न विचारला, पेन्शन किती बसेल? सूत्र सोपं दिसतं: पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पंधरा हजार गुणिले सतरा भागिले सत्तर, म्हणजे ३,६४३. मोबाइलवर त्यांनी हेच काढलं. पण १ सप्टेंबर २०१४ च्या आधी पगाराची कमाल मर्यादा ६,५०० होती. जुन्या पासबुकात ते डोळ्यांना दिसतं: पेन्शनच्या रकान्यात महिन्यामागून महिना ५४१, ५४१, ५४१ आणि त्या सप्टेंबरच्या पगारापासून एकदम १,२५०. पगारवाढीचा त्याच्याशी संबंध नाही, नियम बदलला एवढंच. त्यावरही टीप लागली. हिशेब याच तारखेवर दुभंगतो. आधीची सव्वासहा वर्षं ६,५०० च्या दरानं, म्हणजे सुमारे ५८०. नंतरची दहा वर्षं दहा महिने १५,००० च्या दरानं, म्हणजे सुमारे २,३२०. एकूण महिन्याला २,९०० च्या आसपास, तेही अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर. पन्नाशीनंतर लवकर घेतली, तर प्रत्येक वर्षामागे चार टक्के कमी.

"म्हणजे किती युरो?" 

"तीसच्या आसपास."

ते हसले. तीस युरोंची पेन्शन दाखवून कुणी 'पुरेशी तजवीज' म्हणणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. हा अंदाजाचा आकडा भाषांतरात नव्हताच; कागदावर जे होतं तेच उतरलं. मात्र पीएफची शिल्लक, विम्याच्या पॉलिसी आणि मोशीतल्या फ्लॅटचे कागद यांच्या जोडीला ती पेन्शन उभी राहिली तर गोष्ट वेगळी. म्हणून त्यांनी तेही भाषांतराला दिले. शिवाय भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. एका देशातल्या पेन्शनची किमान मुदत मोजताना दुसऱ्या देशातली वर्षं धरता येतात. दोन देशांची पेन्शन मिळून एक होत नाही, ज्यानं त्यानं आपापल्या वर्षांचीच द्यायची.

एजंटाचा सल्ला गुंडाळून त्यांनी नोकरी सोडल्यावर फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्यायचं ठरवलं. त्यावर नोकरीची मुदत नोंदवलेली असते आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तेच दाखवून पेन्शन मागता येते. त्याआधी एक काम कंपनीकडून करून घ्यायचं असतं: नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर चढवणं. ती नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. सदस्याला स्वतःला ती भरता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर, आणि तेव्हा आधारशी जोडलेल्या भारतातल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो नंबर बंद करायचा नाही, एवढं मी त्यांना पाकिटावरच लिहून दिलं.